मुलाखतींची फाइल उघडते, पण ‘सोलापूर’च्या जागी lksykiwj दिसते: निदान, दुरुस्ती आणि पुन्हा होऊ नये म्हणून

लक्षण नेहमी एकच असते. गिरणी कामगारांच्या मुलाखती पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणीतरी मन लावून घेतलेल्या असतात, डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेल्या असतात. सीडीवरून हार्ड डिस्कवर, तिथून पेनड्राइव्हवर असे फिरत फिरत फोल्डर नव्या लॅपटॉपवर येते. फाइल उघडते, एरर येत नाही, परिच्छेद जागच्या जागी असतात, पण ‘सोलापूर’ आणि ‘गिरणी’ हे शब्द असे दिसतात:

```
lksykiwj   fxj.kh
```

मग कुणीतरी सांगते, "फॉन्ट टाका, होईल." फॉन्ट सापडतो, टाकला जातो, मराठी झळकते आणि विषय तिथेच संपतो. चार-पाच वर्षांनी लॅपटॉप बदलला की तीच फाइल पुन्हा तशीच दिसते आणि फॉन्टचा शोध नव्याने सुरू होतो. फॉन्ट टाकल्याने मशीन दुरुस्त होते, फाइल नाही. म्हणूनच हा त्रास परत परत येतो. फाइल दुरुस्त कशी करायची, आणि ती करताना स्कॅन व बाकीच्या प्रतींचे काय करायचे, ते इथे एका खऱ्या संचाच्या आधाराने सांगतो.

संच होता अशोक चौकाच्या बाजूला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचा. त्यांनी गिरण्या बंद पडल्यानंतर साचेखात्यातल्या, सूतखात्यातल्या कामगारांशी बोलून ठेवले होते. सोबत काही घरांतून मिळालेली पगारपत्रके, हजेरीकार्डे आणि एका सूत व्यापाऱ्याच्या रोजमेळाची पाने, सगळे स्कॅन केलेले. सरांना एवढेच हवे होते की नातवाच्या पिढीलाही हे वाचता यावे.

आधी गचाळ मजकुराचा प्रकार ओळखा

गचाळ मजकूर चार प्रकारचा असतो, आणि प्रत्येकाचे औषध वेगळे आहे. चुकीचे औषध दिले तर बरी होणारी फाइलही हातची जाते, म्हणून इथे घाई नको.

पहिला प्रकार वर दाखवलेला. इंग्रजी अक्षरे, पूर्णविराम, मधेच मोठी अक्षरे. ही जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल. कृतिदेव, श्रीलिपी, आयएसएमचे डीव्ही फॉन्ट, आकृती या सगळ्यांची युक्ती एकच होती: फाइलमध्ये इंग्रजी अक्षराचाच कोड ठेवायचा आणि फॉन्टमध्ये त्या अक्षराच्या जागी देवनागरी आकार काढायचा. कृतिदेव ०१० मध्ये `j` च्या जागी ‘र’ चे चित्र आहे आणि `k` च्या जागी काना. फॉन्ट गेला की चित्र गेले, उरते ते `j` आणि `k`. मजकूर शाबूत आहे, फक्त त्याची किल्ली फाइलच्या बाहेर आहे. आणि प्रत्येक फॉन्टची किल्ली वेगळी.

दुसरा प्रकार असा दिसतो:

```
à¤¸à¥‹à¤²à¤¾
```

`à¤` आणि `à¥` ची अशी माळ दिसली तर ती युनिकोड मराठीच आहे, फक्त प्रोग्राम तिला इंग्रजी समजून वाचतो आहे. एक्सेलमध्ये CSV फाइल थेट डबल क्लिक करून उघडली की बहुतेक वेळा हेच होते. फाइल सेव्ह न करता बंद करा आणि एक्सेलच्या Data मेनूतून ‘From Text/CSV’ ने आणून एन्कोडिंगमध्ये `65001: Unicode (UTF-8)` निवडा. सेव्ह केली असेल तर उलटे रूपांतर करता येते, पण एक धोका आहे. हलन्ताच्या तीन बाइटांपैकी शेवटचा बाइट जुन्या विंडोज कोडपेजमध्ये कोणत्याच अक्षराला दिलेला नाही. काही प्रोग्राम तो गाळून टाकतात, आणि मग नेमकी जोडाक्षरे तुटतात.

तिसरा प्रकार चौकोनांचा. ओळभर □□□ दिसत असतील तर मजकूर बहुधा ठीक आहे, त्या मशीनवर देवनागरीचा फॉन्ट नाही एवढेच. इथे मात्र फॉन्ट टाकणे हेच औषध.

चौथा प्रकार `??????`. हा वाईट. कुणीतरी युनिकोड मराठी ANSI म्हणून किंवा एक्सेलच्या साध्या CSV प्रकारात सेव्ह केली आहे. प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्हाचा कोड लिहिला गेला आहे. यावर कोणताही कन्व्हर्टर चालत नाही. जुनी प्रत शोधा, नाहीतर कागदावरून पुन्हा टाइप करा.

सरांच्या फोल्डरमध्ये बहुतेक मुलाखती पहिल्या प्रकारच्या होत्या, आणि मुलाखत दिलेल्यांची नावे, पेठ आणि खाते यांची CSV यादी दुसऱ्या प्रकारची. एका फाइलमध्ये मात्र नुसती प्रश्नचिन्हे होती. तिची स्पायरल बाइंडिंग केलेली छापील प्रत सरांकडे होती म्हणून ती वाचली.

फॉन्टचे नाव कळल्याशिवाय मजकूर हलवू नका

सर्वात जास्त नुकसान इथे होते. लोक `.doc` उघडतात, गचाळ मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकतात आणि तिथून कन्व्हर्टरमध्ये. `.doc` मध्ये प्रत्येक तुकड्याला फॉन्टचे नाव चिकटलेले असते, फॉन्ट मशीनवर नसला तरीही. नोटपॅडमध्ये टाकले की ते नाव गळते. मग दोन अडचणी. मजकूर कृतिदेवमधला की श्रीलिपीतला हे कळायला मार्ग राहत नाही, आणि मधले खरे इंग्रजी शब्द ओळखू येत नाहीत. ‘Weaving’ हा शब्द टाइम्स फॉन्टमध्ये नीट बसलेला असतो, पण कन्व्हर्टर त्याचेही देवनागरी कडबोळे करतो.

म्हणून मूळ फाइलची प्रत काढा, मूळ फाइल Read-only करून बाजूला ठेवा, आणि प्रत लिबरऑफिस किंवा वर्डमध्ये उघडा. कर्सर मजकुरात ठेवला की वरच्या फॉन्टच्या चौकटीत नाव दिसते. लिबरऑफिसमध्ये फॉन्ट मशीनवर नसेल तर ते नाव तिरके दिसते. दहा-बारा ठिकाणी कर्सर ठेवून पाहा, कारण मथळे एका फॉन्टमध्ये आणि मजकूर दुसऱ्यात असे सर्रास असते. सरांच्या फाइलींत मजकूर Kruti Dev 010 मध्ये होता, तर काही मथळे श्रीलिपीच्या एका फॉन्टमध्ये. एकाच कन्व्हर्टरमधून सगळे काढले असते तर मथळे कायमचे बिघडले असते.

यानंतर एक काम करा, जे बहुतेक जण टाळतात. तो फॉन्ट एकदाच, शेवटचा, कुठल्यातरी मशीनवर टाका आणि मजकूर बरोबर दिसत असताना त्याची पीडीएफ काढून ठेवा. ही पीडीएफ म्हणजे मूळ मजकुराचा साक्षीदार. रूपांतरानंतर प्रत्येक शंका तिच्याशी ताडून पाहायची असते. फॉन्टची फाइलही मूळ प्रतीच्या शेजारी ठेवा.

पण तेवढी पीडीएफ पुरेशी आहे असे समजू नका. तिच्यात फॉन्ट आत बसलेला असतो म्हणून ती कुठेही नीट दिसते, छापते. तिच्यात ‘गिरणी’ शोधून बघा, सापडणार नाही. कॉपी केले तर पुन्हा `fxj.kh` हातात येते. दीर्घकाळ जपण्यासाठीचे पीडीएफ/ए हे मानक २००५ पासून आहे आणि चांगले आहे, पण त्याची ‘b’ पातळी फक्त पान जसेच्या तसे दिसेल एवढीच हमी देते. अक्षरांमागे युनिकोड असलेच पाहिजे ही अट ‘a’ पातळीत, आणि २०११ च्या पीडीएफ/ए-२ पासून ‘u’ पातळीत आहे. जुन्या फॉन्टमधून काढलेली पीडीएफ/ए-२बी तपासणीत पास होते, आणि तरीही तिच्यातला शब्द शोधता येत नाही.

रूपांतर, आणि ते बरोबर झाले हे कसे ओळखायचे

वर्डच्या किंवा लिबरऑफिसच्या Find मध्ये फॉन्टनुसार शोधता येते. एका फॉन्टचे तुकडे निवडा, त्याच फॉन्टसाठी बनवलेल्या कन्व्हर्टरमधून काढा, जागेवर परत ठेवा. आधी एकच पान करा. घाईने सगळ्या फाइली एकदम लोटू नका, कारण कन्व्हर्टर नव्वद टक्के शब्द बरोबर करतो आणि उरलेले इतके बेमालूम बिघडवतो की वाचताना डोळा निसटतो.

चुका कुठे होतात ते ठरलेले आहे. जुन्या फॉन्टमध्ये मजकूर दिसतो त्या क्रमाने टाइप होतो, उच्चारतो त्या क्रमाने नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. ‘गिरणी’ मध्ये `f` म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, ती `x` म्हणजे ‘ग’च्या आधी आहे. ‘कर्ज’ असे असते:

```
dtZ
```

क, ज, आणि शेवटी रफार. युनिकोडमध्ये हा क्रम उलटावा लागतो. एकेरी अक्षराला सगळे कन्व्हर्टर नीट उलटतात, जोडाक्षर आले की अडखळतात. ‘स्थिती’ ची वेलांटी पूर्ण ‘स्थ’च्या पलीकडे जायला हवी. ती नुसत्या ‘स’पाशी थांबली तर ‘सि’ नंतर हलन्त आणि मग ‘थती’ असा तुकडा तयार होतो. हे पकडायला सोपे आहे, कारण मराठीत वेलांटीनंतर लगेच हलन्त कधीच येत नाही. Find मध्ये ‘ि’ आणि लगेच ‘्’ टाकून शोधा. एकही सापडायला नको. तसेच लागोपाठ दोन काने, किंवा जागा सोडून लगेच मात्रा, हेही शोधून पाहा.

दुसरी चूक खास मराठीची आहे, म्हणून हिंदीसाठी बनवलेल्या कन्व्हर्टरमध्ये हमखास होते. गिरणीच्या मुलाखतींत पानोपानी ‘दुसऱ्या पाळीचा भोंगा’, ‘तिसऱ्या पाळीला’ असे येते. हा ‘ऱ्य’ रूपांतरात ‘र्य’ होतो आणि ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’. सगळीकडे ‘र्या’ बदलून ‘ऱ्या’ करावे असे वाटेल, पण तसे करू नका. ‘मर्यादा’, ‘पर्याय’, ‘कार्याला’ हे शब्द बरोबर आहेत आणि तेही बिघडतील. Find Next करत एकेक पाहूनच बदलावे लागते.

त्यात आणखी एक छुपी गोष्ट. ‘दुसऱ्या’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एकात ‘ऱ’ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा एक जोडचिन्हाचा कोड. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण एक शोधला तर दुसरा सापडत नाही. मुलाखती तीन-चार जणांनी टाइप केल्या असतील तर दोन्ही रूपे असणारच. युनिकोडचे नेहमीचे नॉर्मलायझेशन इथे उपयोगी पडत नाही, ते या दोहोंना एक मानत नाही. पॉवरशेलमध्ये असे करा:

```
$t = [IO.File]::ReadAllText("D:\girani\m07.txt")
$a = "$([char]0x0930)$([char]0x094D)$([char]0x200D)"
$b = "$([char]0x0931)$([char]0x094D)"
[IO.File]::WriteAllText("D:\girani\m07_n.txt", $t.Replace($a, $b))
```

तिसरी चूक वर्डच्या ऑटोकरेक्टची. फॉन्ट नसलेल्या मशीनवर कुणीतरी मधे बसून दोन शब्द टाइप केले की वर्ड वाक्याचे पहिले अक्षर मोठे करतो. `fxj.kh` चे `Fxj.kh` होते. कृतिदेवमध्ये मोठा `F` म्हणजे अर्धा ‘थ’, म्हणून रूपांतरानंतर वाक्याच्या सुरुवातीला ‘गिरणी’ऐवजी ‘थ्गरणी’ उभी राहते. त्याच ऑटोकरेक्टने सरळ अवतरणचिन्हे गोल केली की ‘श’ आणि ‘ष’ गायब होतात, कारण त्या फॉन्टमध्ये ही अक्षरे त्याच चिन्हांवर बसवलेली आहेत. ‘शिफ्ट’, ‘वर्ष’, ‘शेठ’ हे शब्द म्हणूनच मुद्दाम शोधून पाहावेत.

आकडे मात्र शोधून सापडत नाहीत, ते डोळ्यांनीच तपासावे लागतात. पगार, पाळ्या, वर्षे. देवनागरी अंक जुन्या फॉन्टमध्ये `ƒ`, `„`, `…` अशा आडवळणी कोडांवर असतात आणि एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जाताना बदलतात. चुकलेला शब्द विचित्र दिसतो म्हणून लक्षात येतो. चुकलेला आकडा अगदी व्यवस्थित दिसतो. सरांच्या एका मुलाखतीत महिन्याचा पगार एका अंकाने कमी झाला होता आणि ते साक्षीदार पीडीएफशी ताडल्यावरच कळले. सर म्हणाले, "त्या माणसानं हा आकडा मला दोनदा सांगितला होता, तो चुकून चालणार नाही." बरोबरच होते त्यांचे.

तपासून झाल्यावर मजकूर साध्या `.txt` मध्ये, Encoding मध्ये `UTF-8` निवडून ठेवा. ठळक, तिरके, तळटीप हवी असेल तर सोबत `.odt` किंवा `.docx` ठेवा, पण जपायची प्रत `.txt` च. तिला कोणत्याही एका कंपनीचा प्रोग्राम लागत नाही. फाइलीचे नाव रोमनमध्ये, जागा न सोडता: `m07_sachekhate_2004.txt`. देवनागरी नावे आज चालतात, पण जुन्या झिपमधून बाहेर पडताना ती अजूनही कडबोळे होऊन येतात. फोल्डरमध्ये `README.txt` नावाची एक फाइल टाका आणि तिच्यात लिहा: मूळ फॉन्ट कोणता, रूपांतर कधी केले, कुणी तपासले, कोणत्या फाइलीत काय शंका उरली आहे.

सोलापूरच्या घरांत एवढ्यावर भागत नाही हे मला माहीत आहे. पद्मशाली कुटुंबांची तेलुगू पत्रे, अक्कलकोटकडचे कन्नड कागद, उर्दूत टाइप केलेल्या आठवणी हेही याच खोलीत असते. तेलुगू-कन्नडच्या जुन्या फॉन्टची गोष्ट अगदी हीच आहे. उर्दू मजकूर इनपेजच्या `.inp` फाइलीत असेल तर तो सहसा इनपेजमध्येच उघडतो, म्हणून ते काम आधी हातात घ्या.

स्कॅन: अर्धे पान करडे होते तेव्हा

स्कॅनचे दुखणे वेगळे. फोटो उघडतो, वरचा अर्धा भाग नीट, खाली अचानक रंग सरकतो किंवा सपाट करडा पट्टा येतो. जेपीईजीमध्ये आकुंचन केलेली माहिती एका सलग प्रवाहात असते, मधला एक बाइट बिघडला की पुढचे सगळे चुकीचे उलगडते. आकुंचन न केलेल्या टिफमध्ये तोच एक बाइट बिघडला तर एखादा ठिपका चुकतो, तुम्हाला दिसतही नाही. बिघाड नेमका टिफच्या शीर्षभागात झाला तर मात्र तीही उघडत नाही, तेव्हा टिफ म्हणजे अमरपट्टा नव्हे.

नवे स्कॅन करणार असाल तर ३०० डीपीआय, रंगीत, टिफ. ए-४ पान साधारण २४८० गुणिले ३५०८ ठिपक्यांचे होते आणि आकुंचनाशिवाय २६ एमबी घेते. हजार पानांना २६ जीबी, म्हणजे आजच्या डिस्कवर किरकोळ. पेन्सिलीने लिहिलेले किंवा विटलेले पान असेल तर ४०० करा, साधारण ४६ एमबी होईल. जुने स्कॅन जेपीईजीच असतील तर त्यांचे टिफ करत बसू नका, गेलेला तपशील परत येत नाही. ते आहेत तसेच जपा. फक्त फिरवणे, कापणे, उजळ करणे यानंतर पुन्हा जेपीईजी म्हणून सेव्ह करू नका, प्रत्येक वेळी थोडा तपशील गळतो. सुधारलेली प्रत टिफमध्ये वेगळी ठेवा. आणि घरोघरचे कागद फोनवरून मागवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवला की तो लहान होऊन येतो.

रोजमेळ, पगारपत्रक अशा आकड्यांच्या कागदांना ‘काळे-पांढरे’ मोडमध्ये कधीही स्कॅन करू नका. २०१३ मध्ये जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रिझेल यांनी दाखवून दिले की काही ऑफिस स्कॅनर काळ्या-पांढऱ्या पानातले सारखे दिसणारे आकार एकच समजून एकाच्या जागी दुसरा चिकटवत होते, आणि ६ चा ८ होत होता. पान स्वच्छ, आकडा धडधडीत, आणि चूक. रंगीत किंवा करड्या छटांच्या टिफमध्ये आकडा पुसट झाला तरी पुसटच दिसतो, दुसराच आकडा होऊन बसत नाही.

प्रती: कोणती प्रत खरी हे कसे कळणार

तीन प्रती ठेवा. एक रोजच्या वापराची, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावात. बाहेरची डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवा. पावसाळ्यात वीज कडाडून लाइन उसळली तर प्लगला लावलेले सगळे एकदम जाते, आणि व्हायरसही जोडलेल्या डिस्कवरच पोचतो. सरांनी तिसरी डिस्क पुण्याच्या मुलीकडे ठेवली. पेनड्राइव्ह ही ने-आण करायची वस्तू आहे, साठवणीची नाही. एसएसडीही कपाटात वर्षानुवर्षे पडून ठेवायची नसते. ग्राहकांच्या एसएसडीसाठी जेडेक या उद्योगसंस्थेच्या मानकात अपेक्षा एवढीच आहे की पूर्ण झिजलेली डिस्क वीज न देता ३० अंशांवर एक वर्ष माहिती धरून ठेवेल, आणि तापमान वाढले की तो काळ घटतो. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत काय तापमान असते ते तुम्हाला सांगायला नको. कपाटातल्या प्रतीसाठी साधी फिरणारी हार्ड डिस्क बरी, आतल्या खोलीत.

गुगल ड्राइव्हसारखे सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे फाइल बिघडली की तिथेही तीच बिघडलेली जाते, इथे पुसली की तिथेही पुसली जाते. आणि खरा घोटाळा त्यानंतर होतो: दोन डिस्कवर एकाच नावाच्या, एकाच आकाराच्या दोन फाइली असतात, एक चांगली, एक बिघडलेली, आणि कुणीतरी चांगलीवर बिघडलेली कॉपी करून टाकते. त्यासाठी प्रत्येक फाइलीचा ठसा, म्हणजे हॅश, नोंदवून ठेवायचा. फाइलीतला एक बाइट बदलला तरी हा ठसा पूर्ण बदलतो. विंडोजमध्ये वेगळे काही घ्यावे लागत नाही:

```
cd D:\girani
Get-ChildItem -Recurse -File | Get-FileHash |
 Export-Csv D:\yadi_juni.csv -NoTypeInformation -Encoding UTF8
```

यादी फोल्डरच्या बाहेर ठेवली आहे, नाहीतर ती स्वतःलाच मोजू लागते. रूपांतर आणि तपासणी पूर्ण झाल्यावर, पहिली कॉपी काढण्याआधी ही यादी करा, आणि प्रत्येक डिस्कवर तिची एक प्रत टाका. नंतर वर्षातून एकदा, किंवा डिस्क बदलताना, त्या डिस्कवर तशीच `yadi_navi.csv` करा आणि दोन्ही ताडून पाहा:

```
$j = Import-Csv D:\yadi_juni.csv
$n = Import-Csv D:\yadi_navi.csv
Compare-Object $j $n -Property Hash -PassThru |
 Select-Object SideIndicator, Path
```

काहीच छापले नाही तर सगळे ठीक. एखादे नाव फक्त `<=` सोबत आले तर ती फाइल डिस्कवरून गेली आहे. फक्त `=>` म्हणजे नवी आली आहे. तेच नाव दोन्ही खुणांसोबत दोनदा आले तर फाइल आहे, पण आतून बदलली आहे. ती कुणी मुद्दाम दुरुस्त केली असेल तर तशी नोंद `README.txt` मध्ये असायला हवी. नोंद नसेल तर तो बिघाड समजा, आणि ज्या डिस्कवरचा ठसा जुन्या यादीशी जुळतो तीच प्रत खरी माना.

सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपली की उन्हाळ्याआधी सर आता ही तपासणी करतात. यंदा एक नाव दोनदा आले: रोजमेळाचे एक पान. कपाटातल्या डिस्कवरचा टिफ उघडत होता आणि पाहणाऱ्याला बराच दिसत होता, उजव्या कडेला फक्त बोटभर फिकट पट्टा होता. तो पट्टा कुणाच्याही लक्षात आला नसता. पुण्याच्या डिस्कवरच्या प्रतीचा ठसा जुन्या यादीशी जुळला. ते पान तिथून आणून कपाटातल्या डिस्कवर टाकले, यादी पुन्हा ताडली, काही छापले गेले नाही. त्या डिस्कने एकदा असे केले म्हणजे पुन्हा करेल, म्हणून सरांनी दुसऱ्याच दिवशी नवी डिस्क घेतली आणि जुनी कपाटातून काढली.